बोगद्यातही चालणारा खेळ

मांडवी एक्स्प्रेस सकाळी मुंबईहून निघते आणि मडगावला पोहोचते तेव्हा दिवस मावळलेला असतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या मुद्दाम कमी वेगाने धावतात आणि हा प्रवास आणखी लांबतो. १९९८ साली पूर्ण झालेल्या या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. गाडी त्यात शिरली की बाहेर यायला पाच-सात मिनिटं तरी लागतात. बोगदा संपला की डोंगराची कापलेली बाजू येते, मग एखादा पूल, मग पुन्हा बोगदा. मोबाइलचं नेटवर्क येतं, जातं, अर्धवट येतं. गणपतीला गावी निघालेल्या घरातली मुलं नेमकी याच टप्प्यात मोबाइल पुढे करून म्हणतात, ‘हा गेम उघडतच नाही.’

गेम आदल्या रात्री उतरवलेला असतो आणि त्याच्या पानावर ‘ऑफलाइन’ असं लिहिलेलंही असतं. घरी तो चाललेला असतो, तरीही गाडीत पडद्यावर नुसतं गोल फिरत राहतं. असं का होतं आणि निघण्याआधी ते घरीच कसं ओळखायचं, हे एकदा समजून घेतलं तर पुढच्या प्रत्येक प्रवासात उपयोगी पडतं.

‘ऑफलाइन’ हा शब्द गेम बनवणारे एका अर्थाने वापरतात आणि आपण दुसऱ्याच अर्थाने वाचतो. बनवणाऱ्याला बहुधा एवढंच म्हणायचं असतं, की पातळी सुरू झाल्यावर ती खेळायला इंटरनेट लागत नाही. पण खेळापर्यंत पोहोचायच्या वाटेवर आणखी बरीच कामं असतात. गेम उघडताना तो तुमचं खातं तपासतो. नवी आवृत्ती आली आहे का, हे कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. विकत घेतलेला असेल तर खरेदी खरी आहे का, तेही पाहतो. रोजचं बक्षीस द्यायचं तर आजची तारीख तो तुमच्या फोनवरून घेत नाही, सर्व्हरकडून मागवतो, कारण फोनचं घड्याळ कोणीही पुढे ढकलू शकतो. यातलं एखादं काम नेटवर्कविना अडलं आणि तिथे पुढे जाऊ द्यायची सोय ठेवलेली नसेल, तर आतली पातळी कितीही ऑफलाइन असली तरी दारच उघडत नाही.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण ‘सुपर मारिओ रन’चं. निन्तेंदोने २०१६च्या डिसेंबरात हा गेम आयफोनसाठी आणला. एकट्याने खेळायचा, पैसे देऊन पूर्ण विकत घ्यायचा गेम. तरीही तो खेळताना इंटरनेट सतत चालू लागत असे. चोरून प्रती काढल्या जाऊ नयेत हे कारण त्यांनी दिलं. पण भुयारी रेल्वेतून रोज ये-जा करणाऱ्यांना तो नेमका प्रवासातच खेळता येईना आणि त्यावर भरपूर टीका झाली. एकट्याने खेळायचा किंवा पैसे दिलेला गेम ऑफलाइन चालेलच असं धरून चालू नये, ते यामुळे.

फुकट गेमचं कारण वेगळं असतं. त्याची कमाई जाहिरातींतून होते. जाहिरात उतरवायला इंटरनेट लागतं, म्हणून काही बनवणारे नेटवर्क नसताना गेम उघडूच देत नाहीत. काही जण उघडू देतात, पण ‘जाहिरात पाहा आणि एक जीव मिळवा’ अशी सोय बंद पडते. अशा गेमात पाच जीव संपले की पुढचा जीव मिळेपर्यंत अर्धा तास वाट पाहावी लागते. हा गेम ऑफलाइन चालतो हे खरंच, पण बारा तासांच्या प्रवासात तो दर तासाला थोडाच वेळ हाती लागतो. मोठ्या माणसाचं यात फारसं बिघडत नाही. आठ वर्षांच्या मुलाला मात्र हे समजावत बसावं लागतं.

तिसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. प्ले स्टोअरवरून उतरतो तो बऱ्याचदा पूर्ण गेम नसतो. पहिल्यांदा उघडल्यावर चित्रं, आवाज, पुढच्या पातळ्या असा उरलेला माल गेम स्वतः मागवतो. काही गेम तर दहा पातळ्या झाल्या की पुढच्या दहा उतरवतात. घरी वायफायवर हे इतकं गुपचूप होतं की कळतही नाही. म्हणूनच घरी पहिल्या पाच पातळ्या खेळून ‘चालतोय’ असं ठरवलेला गेम चिपळूणच्या पुढे सहाव्या पातळीला अडतो. हे ओळखायला सोपी खूण आहे. गेम उतरवल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये त्याने किती जागा घेतली ते पाहावं आणि तासभर खेळून पुन्हा पाहावं. आकडा बराच फुगला असेल तर गेम तुकड्या-तुकड्याने उतरतो आहे.

आता तपासणीकडे येऊ. माझ्या मते घरी करायची खरी परीक्षा एकच आहे. तिचे टप्पे मात्र क्रमाने आणि पूर्ण करायला हवेत, कारण अर्धवट तपासणीत नापास होणारा गेमही पास होऊन जातो.

निघण्याच्या तीन-चार दिवस आधी गेम वायफायवर उतरवावा. उघडून सुरुवातीचा शिकवणीचा भाग पूर्ण करावा, खातं जोडायचं असेल तर जोडावं, जे काही उतरवायला मागतो ते उतरू द्यावं आणि अर्धा तास खेळावा. त्यानंतर गेम पूर्ण बंद करावा. इथेच बहुतेकांची तपासणी फसते. होमचं बटण दाबून बाहेर आलं म्हणजे गेम बंद झाला असं नाही, तो फोनच्या स्मरणात जागाच असतो आणि मघाशी सर्व्हरशी झालेलं बोलणंही त्याच्याजवळ असतं. या अवस्थेत नेटवर्क बंद करून पुन्हा उघडला तर तो सुरळीत चालेल, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. प्रवासात दुसरे ॲप उघडले की फोन या गेमला स्मरणातून काढून टाकू शकतो आणि मग पुढच्या वेळी गेम अगदी पहिल्यापासून सुरू होतो. आपल्याला तपासायची आहे ती ही थंड सुरुवात.

त्यासाठी अँड्रॉइड फोनवर सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत जाऊन त्या गेमवर Force stop दाबावं. आयफोनवर खालून वर बोट सरकवून उघड्या ॲपच्या रांगेतून तो वर फेकावा. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे फोनच बंद करून पुन्हा चालू करणं. मग विमान मोड लावावा आणि वायफायच्या खुणेकडे एकदा नीट पाहावं. पूर्वी कधी विमान मोडमध्ये तुम्ही वायफाय चालू ठेवलं असेल, तर आयफोन आणि नवे अँड्रॉइड फोन ते लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी वायफाय चालूच राहू देतात. विमानाचं चिन्ह दिसतं, इंटरनेट मात्र सुरू असतं आणि तपासणी वाया जाते. खात्रीसाठी ब्राउझरमध्ये आजवर न उघडलेलं एखादं पान उघडून पाहावं. ते उघडलं नाही, तरच पुढे जावं.

आता गेम उघडावा आणि आधी न खेळलेली पातळी खेळावी. झालेलीच पातळी पुन्हा खेळून उपयोग नाही, तिचा माल फोनमध्ये आलेलाच असतो. पातळी संपली की गेम पुन्हा पूर्ण बंद करून उघडावा आणि आत्ताची प्रगती तशीच आहे का ते पाहावं. काही गेम आकडे फक्त सर्व्हरवर ठेवतात. नेटवर्क नसताना खेळू देतात, पण खेळलेलं जपत नाहीत. चार तासांची मेहनत अशी नाहीशी झाली की मुलं खरोखर रडतात आणि त्यांचं रडणं रास्त असतं.

यानंतरचा टप्पा कंटाळवाणा आहे, पण तो गाळू नये. फोन रात्रभर विमान मोडमध्येच ठेवावा आणि सकाळी गेम पुन्हा उघडावा. काही गेम खात्याची किंवा खरेदीची ओळख ठरावीक काळापुरती फोनमध्ये जपतात आणि मुदत संपली की पुन्हा सर्व्हरकडे विचारणा करतात. संध्याकाळी पास झालेला गेम सकाळी नापास होतो तो यामुळे. तुमचा प्रवास एका रात्रीचा असेल तर परीक्षाही एका रात्रीची हवी. यासाठी फोनची तारीख पुढे करून पाहू नका. तारखेत गडबड दिसली की काही गेम स्वतःहून कुलूप लावतात. शिवाय व्हॉट्सॲपसारखे ॲपही चुकीच्या तारखेवर अडतात.

शेवटी विमान मोड काढून, इंटरनेट चालू करून गेम पुन्हा उघडावा. ऑफलाइन केलेली प्रगती टिकली का, हे इथे कळतं. काही गेम यावेळी विचारतात, फोनमधली प्रगती ठेवू की सर्व्हरवरची? घाईत सर्व्हरवरची निवडली तर प्रवासातलं सगळं पुसलं जातं. असा प्रश्न विचारला जातो हे तपासणीतच कळलं, तर घरी परतल्यावर कोणतं बटण दाबायचं ते मुलांना आधीच सांगून ठेवता येतं.

आता त्या ‘गोल फिरत राहण्या’कडे येतो, कारण कोकणच्या प्रवासात खरा त्रास तोच आहे. विमान मोडमध्ये उत्तम चालणारा गेम गाडीत का अडतो? नेटवर्क अजिबात नसणं आणि अर्धवट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमान मोडमध्ये गेमने सर्व्हरला हाक मारली की फोनच त्याला तात्काळ सांगतो, जोडणी नाही. गेम पुढे सरकतो. गाडीत मात्र पडद्यावर सिग्नलची एक-दोन दांडी दिसत असते, म्हणून फोन ‘जोडणी आहे’ असं म्हणतो. गेम हाक मारतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. उत्तर येत नाही, पण नकारही येत नाही. किती वेळ वाट पाहायची हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं आणि ती मुदत कधी अर्ध्या मिनिटाची, कधी त्याहून जास्त असते. मुदत संपता संपता गाडी बोगद्यातून बाहेर येते, पुन्हा थोडं नेटवर्क येतं, गेम पुन्हा हाक मारतो. जाहिरातींचंही तेच. अर्धी उतरलेली जाहिरात पडदा अडवून बसते आणि ती बंद करायची फुलीही उमटत नाही.

ही अवस्था घरीही उभी करता येते. वायफायचा राउटर चालू ठेवून त्यात येणारी इंटरनेटची तार तेवढी काढावी. किंवा दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लावून त्या फोनचा मोबाइल डेटा बंद करावा. तुमच्या फोनचाही मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर वायफायवर इंटरनेट नाही हे ओळखून फोन गुपचूप त्यावर जाईल. आता पडद्यावर वायफायच्या पूर्ण रेघा आहेत, इंटरनेट मात्र नाही. अशा स्थितीत गेम थंड सुरुवातीपासून उघडून पाहावा. पाच-दहा सेकंदांत मुख्य पडद्यावर आला तर तो गाडीत कसाही चालेल. तिथेच लटकला, पण विमान मोडमध्ये पास होतो असं दिसलं, तर तो फक्त विमान मोड लावून खेळायचा हे ठरून जातं.

खरं तर गाडीत सगळेच गेम विमान मोड लावून खेळावेत, असं मी सांगेन. लटकणं टळतं हा एक फायदा. दुसरा बॅटरीचा. सिग्नल क्षीण असला की फोन टॉवर शोधायला जास्त ताकद लावतो. बोगदे आणि डोंगर असलेल्या वाटेवर हे सतत चालू असतं आणि न खेळताही बॅटरी उतरते. विमान मोडमध्ये ते थांबतं. अर्थात त्या फोनवर कॉल येणार नाहीत. म्हणून घरातला एक फोन संपर्कासाठी मोकळा ठेवावा, तिकीट आणि उतरवून घ्यायला येणाऱ्याचा नंबर त्यात असावा आणि खेळाचा फोन वेगळा. एकटाच फोन असेल तर मोठ्या थांब्यावर, रत्नागिरी-कणकवलीला, विमान मोड काढून निरोप पाहून घ्यावेत.

गेम निवडताना स्टोअरच्या पानावरून थोडा अंदाज येतो. ‘जाहिराती आहेत’ आणि ‘ॲपमध्ये खरेदी आहे’ असे दोन शिक्के पानावर असतात. दोन्ही नसतील तर गेमला सर्व्हरशी सतत बोलायचं कारण कमी उरतं. अँड्रॉइडवर आणखी खोल पाहता येतं. गेमच्या माहितीच्या पानावर खाली App permissions नावाची यादी असते. त्यात have full network access ही ओळ नसेल, तर तो गेम इंटरनेटला स्पर्शच करू शकत नाही, म्हणजे त्याचं इंटरनेटवाचून अडायचंही कारण नाही. उलट ती ओळ असली म्हणून गेम ऑफलाइन चालणार नाही असा निष्कर्ष मात्र काढू नये. बहुतेक गेममध्ये ती असते.

एका कुटुंबाची तयारी धरून चालू. मुंबई ते कुडाळ, आईवडील, आठ आणि चौदा वर्षांची दोन मुलं, दोन अँड्रॉइड फोन. मी त्यांच्यासाठी चार गेम निवडेन.

पहिला लुडो किंग, कारण तो चौघांचा आहे. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा हा गेम २०१६ साली आला आणि २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला. त्यातला अनोळखी माणसांशी किंवा दूरच्या मित्रांशी खेळायचा भाग नेटवर्काशिवाय चालत नाही. मात्र संगणकाविरुद्ध खेळणं आणि एकच फोन हातोहात फिरवत खेळणं हे दोन्ही ऑफलाइन आहे. गाडीत हवा तो हा दुसरा प्रकार. फाशाचा डबा आणि सोंगट्या बाकाखाली घरंगळत नाहीत, एवढ्यासाठीही तो पटावरच्या लुडोपेक्षा सोयीचा. त्यात जाहिराती आहेत, म्हणून विमान मोडमध्येच खेळावा. थंड सुरुवातीची परीक्षा मुख्य पडद्यापर्यंत न थांबवता चौघांचा डाव मांडून करावी. नंतर संगणकाविरुद्धचा डावही उघडून पाहावा.

दुसरा आईसाठी किंवा वडिलांसाठी, आणि कोडी आवडणाऱ्या कोणासाठीही. सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रामरने बनवलेला कोड्यांचा संग्रह. संगणकाच्या क्षेत्रातले लोक त्याला पुट्टी या सॉफ्टवेअरसाठी ओळखतात. संग्रहात सुमारे चाळीस प्रकारची कोडी आहेत. सुडोकू आहे, सुरुंग शोधायचं कोडं आहे, बेटं पुलांनी जोडायचं आहे, रेघांचं वेटोळं पूर्ण करायचं आहे. हे सगळं फुकट, जाहिरातींशिवाय आणि मूळ संकेत सर्वांना खुला. प्रवासासाठी याची खरी ताकद त्याच्या रचनेत आहे. कोडी कुठल्या साठ्यातून येत नाहीत, प्रत्येक कोडं त्या क्षणी फोनमध्येच तयार होतं. त्यामुळे उतरवायचं काही राहत नाही आणि कोडी संपतही नाहीत. सुरुंगाच्या कोड्यात तर आणखी एक मेख आहे. तो पट असा रचला जातो की पहिल्या टिचकीनंतर अंदाज न लावता, निव्वळ तर्काने तो पूर्ण सोडवता येतो. नेहमीच्या सुरुंगांच्या खेळात शेवटी नाणं उडवावं लागतं, इथे लागत नाही. पडदा साधा, रंग थोडे, म्हणून बॅटरीही कमी जाते. डोळ्यांत भरेल असं यात काही नाही आणि आठ वर्षांचं मूल याकडे बहुधा वळणार नाही, हे खरं.

तिसरा चौदा वर्षांच्या मुलीसाठी, स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला शेतीचा आणि गावाचा हा खेळ २०१६ साली संगणकावर आला, मोबाइलवर नंतर. तो विकत घ्यावा लागतो. एकदा घेतला की आत पुन्हा पैसे मागणारं दुकान नाही आणि जाहिराती नाहीत. खेळातला एक दिवस पूर्ण जगलात तर साधारण चौदा मिनिटांचा असतो आणि झोपायला गेल्यावर प्रगती जपली जाते. मोबाइलवर मध्येच बाहेर पडलं तरी खेळ जपण्याची सोय आहे. जेवणाचा डबा उघडला, कोणी खिडकीची जागा मागितली, बोट ठेवायला वेळ नाही, अशा प्रवासात याचा फार उपयोग होतो. तास न् तास पुरेल असा हा खेळ आहे. बारा तासांत त्याचा कंटाळा यायचा नाही.

विकत घेतलेल्या गेमची परीक्षा त्याच दिवशी करावी. प्ले स्टोअरवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करता येते. फोनवर तो जड जातो, अक्षर फार लहान दिसतं किंवा विमान मोडमध्ये उघडत नाही, असं काहीही आढळलं तर ते या मुदतीत कळायला हवं. खरेदी आठवडाभर आधी आणि तपासणी निघायच्या रात्री, हा क्रम पैसे घालवणारा आहे.

चौथा मिनी मेट्रो. न्यूझीलंडच्या डायनोसॉर पोलो क्लब या छोट्या कंपनीचा. पडद्यावर स्थानकं उगवत जातात, त्यांना जोडणारे रेल्वेमार्ग बोटाने काढायचे आणि गर्दी साचून स्थानक तुंबू द्यायचं नाही. त्यात जगातल्या शहरांचे नकाशे आहेत आणि मुंबईही आहे. एक डाव थोडक्यात आटोपतो आणि कुठेही थांबवता येतो. यातलं रोजचं आव्हान जगभरच्या खेळाडूंशी तुलना करतं म्हणून त्याला नेटवर्क हवं, पण नेहमीचा आणि न संपणारा असे दोन्ही प्रकार ऑफलाइन आहेत. आठ वर्षांच्या मुलालाही तो दोन मिनिटांत समजतो, कारण त्यात वाचायचं जवळपास काही नाही.

हे चारही गेम गाडीत टिकतात त्याचं आणखी एक कारण आहे. डबा हलतो. फोन तिरका करून गाडी वळवायची किंवा अर्ध्या सेकंदात नेमकं बोट टेकवायचं, असे खेळ रुळांच्या सांध्यांवर खेळताना चुकतात आणि चिडचिड होते. स्वतःच्या चालीची वाट पाहणारा किंवा थांबवता येणारा खेळच प्रवासाचा. आवाजाशिवाय अर्थ लागणाराही हवा. बुद्धिबळ आवडत असेल तर लिचेसचा ॲप याच कारणाने उत्तम. तो फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि फोनमध्येच चालणाऱ्या स्टॉकफिश या इंजिनाविरुद्ध ऑफलाइन डाव मांडता येतो. आंबोलीच्या किंवा फोंड्याच्या घाटातून एसटीने जाणाऱ्यांना मात्र मी कोणताच गेम सुचवणार नाही. वळणांवर पडद्याकडे पाहिलं की मळमळतं आणि लहान मुलांना ते आधी होतं.

तपासणी पूर्ण झाल्यावरही दोन गोष्टी ती निकालात काढू शकतात. एक, स्वयंचलित अद्ययावतीकरण. निघायच्या आदल्या रात्री वायफायवर गेमची नवी आवृत्ती आपोआप येते आणि ती उघडल्यावर पुन्हा माल मागते. म्हणून आधी गेम अद्ययावत करावेत, मग परीक्षा घ्यावी आणि त्यानंतर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲप आपोआप अद्ययावत होणं परत येईपर्यंत बंद ठेवावं. आयफोनवर हीच सोय ॲप स्टोअरच्या सेटिंगमध्ये App Updates नावाने असते.

दुसरी गोष्ट जागेची. फोन भरत आला की न वापरलेले ॲप तो स्वतःच काढून ठेवतो. आयफोनवर या सोयीचं नाव Offload Unused Apps, अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये Automatically archive apps. दोन्हीकडे गेमचं चित्र जागेवर दिसत राहतं आणि साठवलेली प्रगतीही सुरक्षित असते, पण गेम स्वतः फोनमध्ये नसतो. चित्राशेजारी ढगाची छोटी खूण तेवढी येते. मे महिन्यात तपासलेला गेम गणपतीत उघडायला जाल तर बोगद्यात तो उतरवायला लागेल. हे दोन्ही पर्याय प्रवासापुरते बंद करावेत. प्रवासात जागा मोकळी करायची वेळ आलीच, तर गेमच्या सेटिंगमध्ये Clear storage कधीच दाबू नये. त्याने सगळी प्रगती आणि उतरवलेला माल दोन्ही जातात. जुने व्हिडिओ हटवावेत.

वर दिलेले गेम आज असे आहेत, पण गेम बदलतात. उद्याची आवृत्ती खातं मागू शकते किंवा जाहिराती आणू शकते, म्हणून दर मोठ्या प्रवासाआधी ही परीक्षा नव्याने घ्यायला हवी. आणि वाचकांना एक विनंती. तुम्ही एखादा गेम असा तपासला, तर स्टोअरवर त्याच्याखाली मराठीत चार ओळींचा अभिप्राय लिहा. फोन बंद करून पुन्हा चालू केला, विमान मोड लावला, गेम उघडला की नाही, नवी पातळी चालली का, रात्रभरानंतर काय झालं, एवढंच. सोबत महिना आणि साल लिहा. ‘छान गेम’ असे पाच तारे लावलेले अभिप्राय तिथे भरपूर असतात, पण विमान मोडमध्ये तो उघडतो का हे सांगणारे फार थोडे.